पहिल्या पावसानंतर बल्बभोवती पंखवाली वाळवी? मग घर जवळच आहे तिचं

पहिला दमदार पाऊस पडून गेला, हवा कोंदट, वारा बंद, आणि दिवेलागणीला बल्बभोवती ही गर्दी. अर्ध्या तासात खाली पंखांचा खच. दरवर्षी होतं म्हणून आपण लाईट बंद करतो, सकाळी झाडू मारतो, विषय संपला. मी पण बरीच वर्षं हेच केलं. एकदा तर वैतागून बल्बखाली फवारा मारला आणि वाटलं वाळवीचा बंदोबस्त झाला. काही झाला नव्हता.

आधी खात्री करा की ती वाळवीच आहे, कारण पंखवाल्या मुंग्या पण याच दिवसांत निघतात. पडलेला एक किडा उचलून बघा. वाळवीचे चारही पंख एकसारखे लांब, अंगाच्या बऱ्याच बाहेर जाणारे, हात लावला की गळून पडतात, आणि कंबर अशी नसतेच, अंग सरळ एकसंध. मुंगीची कंबर बारीक, पुढचे पंख मोठे मागचे छोटे, मिशा कोपरात वाकलेल्या.

आता मुद्दा. ही उडणारी वाळवी म्हणजे पीक खाणारी नाही, ते त्या घरातले नवे राजा-राणी आहेत, बाहेर पडून जोडी जमवायची आणि जमिनीत शिरून नवं घर थाटायचं एवढंच त्यांचं काम. पण असे पंखवाले तयार करायला घर जुनं आणि मोठं लागतं. नवीन जोडीच्या घरातून पहिली काही वर्षं एकही पंखवाला निघत नाही, कामकरी वाळवीची फौज भरपूर झाली, खाण्याची ददात नाही, मगच. म्हणजे तुमच्या बल्बवर जर ढिगाने आले असतील तर कुठेतरी जमिनीत तीन-चार वर्षं किंवा जास्त जुनी वसाहत जोरात चालू आहे. आणि ती लांब नाही, कारण यांचं उडणं म्हणजे नुसतं फडफडणं असतं, वाऱ्याने ढकललं तर गोष्ट वेगळी, नाहीतर बहुतेक जण थोड्याच अंतरात खाली येतात.

ज्या जोड्या बल्बखाली पंख टाकून एकामागे एक पळताना दिसतात (पुढची मादी, मागचा नर, गाडीला डबा लावल्यासारखे) त्यातल्या बहुतेक पाली, बेडूक, मुंग्या, पक्षी खातात, नाहीतर कोरड्या जागी वाळून मरतात. जगलेल्या जोडीचं घर त्रास देण्याएवढं व्हायला वर्षं जातात. म्हणून बल्बखाली औषध मारणं म्हणजे रस्त्यावरची वरात हाकलणं, लग्नघर तसंच राहतं. ह्या वर्षी तुमच्या रोपांच्या मुळाशी जाणार ती जुन्या घरातली पांढुरकी, बिनपंखांची कामकरी वाळवी, आणि ती उजेडात कधी दिसत नाही.

ते घर शोधायची सगळ्यात सोपी वेळ म्हणजे हीच उड्डाणाची संध्याकाळ. एका पावसानंतर सगळे निघत नाहीत, पुढच्या एक-दोन सरींनंतर पुन्हा निघतात, तेव्हा तयार राहा. शेडवरचा लाईट बंद करा, नाहीतर सगळे तिथेच गोळा होतील आणि कुठून आले कळणार नाही. बॅटरी घेऊन जमिनीलगत आडवा उजेड टाकत बांध, जुने बुंधे, लाकडाचा ढीग, शेणखताची जागा असं फिरा. मला सापडलं ते शेडपासून साधारण साठ पावलांवर, बांधावर एक झाड चार-पाच वर्षांपूर्वी तोडलेलं, त्याचा बुंधा तसाच मातीत. बुंध्याशेजारी ओल्या जमिनीत बोटभर लांबीच्या पाच-सहा फटी, कडेला ताजी ओली माती रचलेली, फटीच्या तोंडावर मोठ्या पिवळट डोक्याचे शिपाई जबडे बाहेर काढून उभे आणि मधून पंखवाले एकेक वर येऊन गवताच्या काडीवर चढून उडतायत. वारूळ म्हणावं असा उंचवटा काहीच नव्हता, दिवसा शंभर वेळा तिथून गेलो असेन. लगेच काठी रोवून ठेवली, कारण उड्डाण संपलं की कामकरी त्या फटी मातीने लिंपून टाकतात आणि सकाळी जागा सापडत नाही.

आणि हो, पंखवाले घराच्या आतच, भिंतीच्या किंवा चौकटीच्या फटीतून निघताना दिसले तर बाहेर शोधत बसू नका, वसाहत त्या बांधकामातच किंवा त्याच्या खाली आहे.

जागा सापडली म्हणून लगेच औषध ओतू नका. वाळवीच्या बऱ्याच जाती फक्त वाळलेलं लाकूड, काडीकचरा खातात, पिकाला काही करत नाहीत. आधी बघा तिचा रस्ता पिकाकडे येतो का. मी बुंध्यापासून पिकाच्या दिशेने दर दहा-बारा पावलांवर दाणे काढलेली मक्याची कणसं वीतभर खोल पुरली आणि दोन आठवड्यांनी उपटून बघितली. पहिली तीन पोखरलेली आणि मातीने भरलेली, चौथं थोडं कुरतडलेलं, पुढची कोरी. म्हणजे वाळवी पिकाच्या पहिल्या ओळींपर्यंत आली होती.

घर मारायचं असेल तर वरून फवारून उपयोग नाही, औषध वरच्या इंचभर मातीतच राहतं. बुंध्याभोवती पहारीने खोल भोकं पाडायची, वाळवीसाठी नोंदणी असलेलं औषध लेबलवरच्या प्रमाणात पाण्यात करून भोकातून हळूहळू सोडायचं, पाणी मुरेल तसं पुन्हा. विहीर, बोअर किंवा ओढा जवळ असेल तर हे अजिबात नको, तिथे खणूनच काढा. उंच वारूळ असेल तर खणताना मध्यभागी, जमिनीच्या पातळीला किंवा खाली घट्ट मातीची एक बंद खोली लागते, त्यात बोटाएवढी जाड पांढरी राणी. स्पंजासारखे करडे गोळे म्हणजे त्यांची बुरशीची बाग, ते लागले की समजा जवळ आलात, पण राणी निघाल्याशिवाय थांबू नका, नुसता उंचवटा सपाट केला तर काही दिवसांत पुन्हा उभा. काही जातींत राणी गेली तरी दुसरी तयार होते, म्हणून एकदा करून निर्धास्त होता येत नाही.

मेली का नाही ते कळायला एक ट्रिक, लिंपलेल्या भागात हातभर खड्डा करून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. ताज्या मातीने बुजवलेला असेल तर वसाहत जिवंत आहे. माझ्याकडे पहिल्या वेळी बुजला, पंधरा दिवसांनी पुन्हा औषध सोडलं, मग खड्डा उघडाच राहिला.

बुंधा मात्र उपटून काढला, अर्धवट कुजलेलं शेणखत त्या बाजूला टाकणं बंद केलं. पाऊस ओढ देतो आणि रोपं सुकायला लागतात तेव्हा वाळवी जास्त येते, त्यामुळे त्या पहिल्या ओळींना पाणी आधी देतो. एखादं रोप विनाकारण मलूल दिसलं तर उपटून बघायचं, सहज हातात आलं आणि मूळ पोखरून आत माती भरलेली असेल तर तीच. पुढच्या पावसाळ्यात शेडच्या बल्बवर पुन्हा आले, पण थोडे. बांधाच्या पलीकडे अजून एखादं घर असणार, ह्या वेळी त्या बाजूने बॅटरी घेऊन फिरणार आहे.