स्कॅनर हातात घेण्याआधी एक कार्बोरेटर खोलून बघा

डिप्लोमा किंवा आयटीआय करून गॅरेजला नवीन लागलेली पोरं हमखास विचारतात की कार्बोरेटरच्या गाड्या आता उरल्यात किती, मग ते शिकायचं कशाला. प्रश्न चुकीचा नाहीये. मुंबईत पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये संपल्या, बाइकसुद्धा २०२० ला बीएस-६ आल्यापासून जवळजवळ सगळ्या इंजेक्शनवर गेल्या. पण माझं म्हणणं असं की इंजेक्शन गाडीचा ईसीयू, म्हणजे तिचा कॉम्प्युटर, नेमकं काय करतोय हे ज्याला कळत नाही त्याने कार्बोरेटर कधी हातात घेतलेला नसतो, कारण हवेच्या मानाने पेट्रोल मोजून द्यायचं जे काम ईसीयू करतो तेच काम तो पितळ आणि अॅल्युमिनियमचा डबा वायरशिवाय, सेन्सरशिवाय करायचा, आणि तो कुठे कमी पडला तेवढंच ईसीयूला करायला दिलंय.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर भंगारात जुना कार्बोरेटर सहज मिळतो. एक घ्या, खोला, आणि पुढचं त्याच्याकडे बघत वाचा.

मधे जो आरपार पाइप दिसतो तो एका जागी बारीक होतो, ती व्हेंच्युरी. इंजिन हवा ओढतं तेव्हा त्या अरुंद जागेतून हवा जोरात पळते, आणि वेग वाढला की तिथला दाब कमी होतो. बाजूला जी वाटी आहे, फ्लोट चेंबर, त्यातल्या पेट्रोलवर मात्र बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो. या दोन दाबांमधला जो फरक, तोच पेट्रोलला जेटमधून वर ढकलतो आणि नळीच्या तोंडाशी हवा त्याचा फवारा करते. म्हणजे पेट्रोल 'ओढलं' जातं असं आपण बोलतो खरं पण प्रत्यक्षात बाहेरची हवा त्याला ढकलते. म्हणूनच वाटीतली लेव्हल इतकी महत्त्वाची, ती नळीच्या तोंडापेक्षा थोडीशीच खाली असायला पाहिजे. फ्लोटची पिन झिजली की लेव्हल वर चढते, गाडी ओव्हरफ्लो मारायला लागते, पेट्रोलचा वास येतो आणि प्लग काजळी धरून काळे होतात. उलट लेव्हल खाली गेली की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, प्लग पांढरट दिसतो, चढाला गाडी दम तोडते.

आता खाली फुलपाखरासारखी पत्ती आहे, थ्रॉटल, ती अॅक्सिलरेटरला जोडलेली. पाय काढला की पत्ती बंद आणि व्हेंच्युरीतून हवा इतकी हळू जाते की मेन जेट काही देतच नाही. मग गाडी स्लोला चालते कशी? पत्तीच्या खालच्या बाजूला तेव्हा जबरदस्त व्हॅक्यूम असतो, तिथे एक बारीक भोक असतं, ते स्लो जेटला जोडलेलं, आणि ज्या स्क्रूने आपण मिक्श्चर सेट करतो तो याच भोकावर बसतो. त्यामुळे तो स्क्रू फिरवून हायवेचा अॅव्हरेज सुधारेल असं कोणी म्हणालं तर सोडून द्या, हायवेला तो स्क्रू जवळपास झोपलेला असतो.

आणि अचानक पाय दाबला तर? हवा हलकी, ती लगेच धावते, पेट्रोल जड, ते मागे राहतं, क्षणभर मिश्रण पातळ होऊन गाडी अडखळते. त्यासाठी अॅक्सिलरेटर पंप ठेवलाय. तपासायला सोपा, इंजिन बंद आणि गार, एअर फिल्टर काढा, बॅटरीने वरून आत बघा आणि हाताने थ्रॉटल ओढा, पितळी नळीतून पेट्रोलची सरळ स्वच्छ धार आली पाहिजे. नुसतं ठिबकलं तर डायफ्राम गेला. हे करताना कुठे ठिणगी नको, बिडी तर नकोच नको, आमच्या उस्तादने याच कारणासाठी लोकांना गॅरेजच्या बाहेर काढलेलं बघितलंय मी.

एवढं बघितल्यावर कार्बोरेटरबद्दल आदरच वाटतो, मला अजून वाटतो. पण आता थोडा हिशोब करू, कारण खरी गंमत हिशोबात आहे. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा आणि एक भाग पेट्रोल लागतं. जुनी मारुती ८०० घ्या, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, म्हणजे एका सिलिंडरला साधारण २६५ सीसी. मुंबईच्या हवेचं वजन लिटरला सव्वा ग्रॅमहून थोडं कमी. फुल थ्रॉटलला सिलिंडर पूर्ण भरला असं धरलं तर आत गेली जेमतेम ०.३ ग्रॅम हवा, आणि तिला हवं साधारण २१ मिलिग्रॅम पेट्रोल, म्हणजे अर्ध्या थेंबाच्या आसपास. एका फेऱ्याला एवढंच, आणि ते दरवेळी बरोबर मोजायचं.

आता हीच गाडी महाबळेश्वरला न्या. तिथे उंची साधारण १३५० मीटर, हवा मुंबईपेक्षा बारा-तेरा टक्के विरळ. कार्बोरेटरला हे कळतं का? अर्धवट कळतं. व्हेंच्युरी बघते हवेचा वेग आणि दाबातला फरक, हवेचं वजन ती मोजतच नाही. हवा विरळ झाली म्हणून पेट्रोल त्या प्रमाणात कमी होत नाही, कारण पेट्रोलचं वजन काही घाट चढताना बदललं नाही. गणित केलं तर मिश्रण हवेच्या घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतं, म्हणजे खाली १४.७ वर लावलेली गाडी वर जवळपास १३.७ वर चालायला लागते. जवळजवळ सात टक्के जास्त पेट्रोल. इंजिन बंद पडत नाही, ड्रायव्हरला कळेलच असंही नाही, फक्त पिकअप थोडा जड, अॅव्हरेज खाली, आणि दोन दिवस वर राहिलात तर प्लग काळपट.

पूर्वी हे चालून जायचं. सात टक्क्यांनी कोणाचं काय बिघडतंय? बिघडवलं ते सायलेन्सरमधल्या कॅटने. भारतात १९९५ च्या एप्रिलपासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल कारना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागला, त्याच्यासाठी बिनशिशाचं पेट्रोल आलं, पुढे २००० पासून नियम देशभर कडक होत गेले. थ्री-वे कॅटला तीन विषं एकदम मारायची असतात. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल जाळायला ऑक्सिजन लागतो, आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडमधून ऑक्सिजन काढून घ्यायचा तर तिथे जास्तीचा ऑक्सिजन असता कामा नये. दोन्ही कामं एकत्र जमतात ती फक्त १४.७ च्या आसपास एखाद्या टक्क्याच्या पट्टीत. सात टक्के लांब गेलात की कॅट असून नसल्यासारखा. बरेच जण सांगतात की इंजेक्शन आलं ते पिकअप आणि अॅव्हरेजसाठी, ते फायदे मिळाले हे खरं, पण दार उघडलं ते कॅटने.

मधल्या काळात अमेरिका-जपानमध्ये कार्बोरेटरलाच सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्ह लावून बघितले. चालले पण इतकी नळ्यांची गुंतागुंत झाली की इंजेक्शन त्यापेक्षा सोपं वाटायला लागलं. शिवाय एका कार्बोरेटरमधून सगळ्या सिलिंडरला माल वाटायचा, वाटेत पेट्रोल मॅनिफोल्डच्या भिंतींना चिकटायचं, कोणाला जास्त कोणाला कमी. इंजेक्टर थेट इनटेक व्हॉल्व्हच्या तोंडाशी बसतो त्यामुळे तो प्रश्नच बराचसा गेला.

इंजेक्शनमध्ये होतं काय, तर पंप साधारण तीन बारच्या दाबाने पेट्रोल तयार ठेवतो आणि ईसीयू इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा ते ठरवतो. हवेचं वजन त्याला एकतर एमएएफ सेन्सर थेट सांगतो, नाहीतर मॅनिफोल्डचा दाब म्हणजे एमएपी आणि हवेचं तापमान बघून तो स्वतः हिशोब काढतो, त्यामुळे महाबळेश्वर त्याला रस्त्यातच कळतं. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सायलेन्सरच्या पाइपातला ऑक्सिजन सेन्सर. साधा सेन्सर मिश्रण जाड असेल तर ०.९ व्होल्टच्या आसपास देतो, पातळ असेल तर ०.१, आणि ईसीयू त्याच्याकडे बघत पेट्रोल सतत थोडं कमी-जास्त करतो. कार्बोरेटर एकदा सेट केला की तो आपलं काम करत बसतो, निकाल काय लागला हे त्याला कोणी येऊन सांगत नाही. म्हणूनच आताचं ई-२० पेट्रोलसुद्धा, ज्याला निव्वळ पेट्रोलपेक्षा साधारण आठ टक्के जास्त इंधन सोडावं लागतं, ते इंजेक्शन गाडी स्वतः जुळवून घेते, आणि जुन्या जेटची कार्बोरेटर गाडी तेवढी पातळ चालते.

ही दुरुस्ती किती झाली ते स्कॅनरवर STFT आणि LTFT या दोन फ्युएल ट्रिममध्ये दिसतं, पहिलं आत्ताचं, दुसरं शिकून ठेवलेलं. नव्या मुलांनी कोड वाचण्याआधी हे आकडे वाचायची सवय लावावी. समजा एमएएफवाली गाडी आलीय, स्लोला थरथरते, स्लोला LTFT +१८ टक्के. म्हणजे ईसीयू ओरडतोय की मला पातळ दिसतंय, मी अठरा टक्के जास्त ओततोय. आता रेस २५०० ला धरा. आकडा खाली येऊन +४ झाला तर एमएएफच्या पुढे कुठेतरी हवा आत शिरतेय, नळी फाटलीय किंवा मॅनिफोल्डचं गॅस्केट, कारण स्लोला एकूण हवाच कमी असते म्हणून तेवढ्या गळतीचा हिस्सा मोठा पडतो आणि रेसला तो लहान होतो. उलट रेस वाढवल्यावर आकडा अजून चढला तर पेट्रोल पुरत नाहीये, फिल्टर चोक किंवा पंप थकलेला, आधी प्रेशर गेज लावा आणि मगच इंजेक्टरला हात घाला.

एमएपीवाल्या गाडीत मात्र हा डाव असाच चालेल असं समजू नका. तिथे गळतीची हवासुद्धा मॅनिफोल्डच्या दाबात मोजली जाते, ईसीयू तिलाही पेट्रोल देऊन टाकतो, ट्रिम जवळपास ठीकच दिसते आणि गाडीचा स्लो विनाकारण चढलेला राहतो. ग्राहक म्हणतो स्लो कमी करून द्या, आणि पोरगं स्क्रू शोधत बसतं.