मार्चअखेरचे कर-नियोजन : लहान पुरवठादारांची देणी आणि ३१ मार्च

सांगलीजवळच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीत आमची हळद पावडर आणि मसाले पॅक करण्याची भागीदारी फर्म आहे. जानेवारी उजाडला की आमच्याकडे दोन कामे एकदमच अंगावर येतात : बाजार समितीत नवी हळद येऊ लागते आणि वर्षअखेरचा हिशोब डोळ्यांसमोर दिसू लागतो. शेवटच्या तिमाहीत काय करावे याच्या याद्या सगळीकडे मिळतात. त्यांतल्या बहुतेक याद्या विमा आणि गुंतवणूक यांच्यापाशीच घुटमळतात आणि धंदेवाल्याला खरा फटका जिथे बसतो, त्या पुरवठादारांच्या थकीत बिलांना एका ओळीत उरकतात. मी नेमके उलट करणार आहे.

सोपी कामे आधी सांगून टाकतो. आगाऊ कराचा शेवटचा हप्ता १५ मार्चपर्यंत भरावा. एका माणसाला एका दिवसात दहा हजारांहून अधिक रोख दिलेली असल्यास तो खर्च मान्य होत नाही, म्हणून रोखवहीवर एकदा नजर टाकावी. केवळ कर वाचवण्यासाठी मार्चमध्ये यंत्र घेऊ नये, कारण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलेल्या यंत्रावर निम्माच घसारा मिळतो आणि तोही ते ३१ मार्चपूर्वी प्रत्यक्ष चालू झाले तरच. शिल्लक मालाची मोजणी ३१ तारखेला संध्याकाळी करावी, एप्रिलमध्ये आठवून नव्हे.

आता मुख्य विषय. प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४३बी मध्ये ‘एच’ हे उपकलम आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून लागू झाले. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेतली आणि कायद्याने ठरवलेल्या मुदतीत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी मिळत नाही. ज्या वर्षी पैसे प्रत्यक्ष दिले जातात, त्या वर्षी मिळतो. लेखी करार नसेल तर ही मुदत माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांची आहे. लेखी करार असेल तर करारातली मुदत चालते, पण ती ४५ दिवसांपलीकडे जात नाही. करारात ‘९० दिवस उधारी’ लिहिली तरी प्राप्तिकरासाठी ४५ दिवसच धरले जातात. (१ एप्रिल २०२६ पासूनच्या वर्षांना नवा प्राप्तिकर कायदा लागू असल्याने कलमाचा क्रमांक बदलला आहे, नियमाचा गाभा तोच आहे.)

पहिल्याच वर्षी आम्ही यात अडकलो. जीएसटीसारखी देणी विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपूर्वी भरली तरी खर्च मिळतो, म्हणून इथेही तसेच असेल असे आमच्या तेव्हाच्या करसल्लागारांनी सांगितले आणि मीही मान डोलावली. ती सवलत या उपकलमाला नाही. पाऊच छापून देणारे दोघे आणि दळप करून देणारा एक, अशा तिघांची मिळून ६,४०,००० रुपयांची बिले ३१ मार्चला मुदत उलटून थकीत होती. ती आम्ही एप्रिलमध्ये चुकती केली, तरीही तेवढी रक्कम नफ्यात धरली गेली. भागीदारी फर्मचा ३० टक्के कर आणि त्यावरचा ४ टक्के उपकर धरून १,९९,६८० रुपये जादा भरावे लागले. तो खर्च पुढच्या वर्षी मिळाला हे खरे, पण दोन लाख रुपये वर्षभर अडकून पडले.

म्हणून जानेवारीत पहिले काम पुरवठादारांची छाननी. प्रत्येकाकडून उद्यम प्रमाणपत्र मागवावे आणि udyamregistration.gov.in वर त्याचा क्रमांक पडताळावा. प्रमाणपत्रावर तीन गोष्टी पाहाव्यात : उद्योग सूक्ष्म, लघु की मध्यम, मुख्य व्यवसाय उत्पादन, सेवा की व्यापार, आणि नोंदणीची तारीख. मध्यम उद्योग या नियमात येत नाही. निव्वळ व्यापारीही येत नाही, त्याच्याकडे उद्यम क्रमांक असला तरी; व्यापाऱ्यांना ती नोंदणी बँकेच्या प्राधान्य कर्जापुरतीच उपयोगी आहे. आमच्या बाबतीत याचा परिणाम गमतीचा होतो. ज्या हळदीवर आमचा सर्वांत मोठा खर्च होतो, ती घाऊक व्यापाऱ्याच्या बिलावर येत असल्याने नियमाबाहेर राहते, आणि पाऊच, दळप, यंत्रदुरुस्ती ही किरकोळ वाटणारी बिले नियमात सापडतात. ‘मोठी देणी आधी फेडा’ हा सल्ला मला त्यामुळे चुकीचा वाटतो. मार्चमध्ये हाती मोजका पैसा असेल तर तो आधी या लहान कारखानदारांकडे वळवावा.

दुसरे काम दोन तारखा लक्षात ठेवण्याचे, आणि माझा सर्वांत जास्त गोंधळ इथेच झाला होता. लेखी करार नसलेल्या पुरवठादाराचा जो माल १६ मार्चपर्यंत स्वीकारला, त्याचे पैसे ३१ मार्चच्या आत गेलेच पाहिजेत. ४५ दिवसांचा लेखी करार असेल तर हीच सीमा १४ फेब्रुवारीला येते. समजा, करार नसताना २,४०,००० रुपयांचे पाऊच १० फेब्रुवारीला आले. मुदत २५ फेब्रुवारीला संपली. तरीही ३० मार्चला पैसे दिले तर खर्च याच वर्षी मिळतो, कारण उशीर झाला असला तरी पैसे वर्षाच्या आत गेले. हेच पाऊच २० मार्चला आले असते तर मुदत ४ एप्रिलपर्यंत असती : ४ एप्रिलला पैसे दिले तर खर्च सरत्या वर्षाचा, ६ एप्रिलला दिले तर पुढच्या वर्षाचा. त्यामुळे १० मार्चला टॅलीतून बिलवार थकबाकीची यादी काढावी आणि प्रत्येक बिलापुढे बिलाची नव्हे, तर माल स्वीकारल्याची तारीख लिहावी.

पैसे नसतील तर काय करावे, हा प्रश्न रास्त आहे. कॅश क्रेडिटवर ११ टक्के व्याज धरले, तर २,४०,००० रुपये महिनाभर आधी उचलण्याचा खर्च २,२०० रुपये येतो. न दिल्यास ७४,८८० रुपयांचा कर वर्षभर आधी भरावा लागतो आणि त्याच दराने त्या रकमेचे व्याजच आठ हजारांवर जाते. मी उचल घेतो.

काही सल्ले मात्र कानावर पडले तरी सोडून द्यावेत. ३१ मार्चला माल परत केल्याचे दाखवून १ एप्रिलला पुन्हा बिल घेणे, हा शिल्लक माल आणि जीएसटी या दोन्हींचे हिशोब बिघडवण्याचा राजमार्ग आहे. थकीत बिल जर्नल एंट्रीने ‘कर्ज’ या खात्यात टाकल्याने पैसे दिले असे होत नाही. पुरवठादाराला उद्यम नोंदणी रद्द करायला सांगणे तर मला सरळ बेअदबी वाटते. ती नोंदणी त्याच्या बँकेच्या कर्जासाठी आहे. उशिराच्या देण्यावर त्याला रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज मागण्याचा हक्क आहे, आणि ते व्याज तुम्ही दिलेत तरी त्याची वजावट मिळत नाही, हे विसरू नये.

कलम ४४एडीखाली अंदाजित नफा दाखवणाऱ्यांना या सगळ्याची चिंता नाही. बाकीच्यांनी २५ मार्चच्या सुमारास एनईएफटीने पैसे पाठवावेत. अखेरच्या आठवड्यात धनादेश देऊन निर्धास्त होऊ नये, कारण तो वटला कधी यावरून पुढे वाद होतो. आगाऊ कराचा हिशोब करतानाही, जी बिले ३१ मार्चपर्यंत फेडता येणार नाहीत असे दिसते, ती नफ्यात मिळवूनच १५ तारखेचा हप्ता ठरवावा. शेवटी, पुढच्या वर्षासाठी प्रत्येक नियमित पुरवठादाराशी ४५ दिवसांच्या उधारीचे साधे सहीचे पत्र मार्चमध्येच करून ठेवावे, म्हणजे एप्रिलमध्ये येणाऱ्या पहिल्या गाडीलाही ती मुदत लागू होते.