‘जरी–तरी’चा इंग्रजीतला घोळ
‘जरी पाऊस होता, तरी आम्ही गेलो’ हे इंग्रजीत नेताना आपला ‘तरी’ आडवा येतो. ‘ऑल्दो’ म्हणजे ‘जरी’. त्यापुढे कर्ता आणि क्रियापद हवं: ‘ऑल्दो इट रेन्ड, वी वेंट.’ मधे ‘बट’ घुसवायचा नाही; ‘तरी’चं काम तो स्वल्पविरामच करतो.

‘डिस्पाइट’ म्हणजे ‘असूनही’. त्यापुढे नाम किंवा ‘-इंग’ रूप येतं: ‘डिस्पाइट द रेन’, ‘डिस्पाइट फीलिंग टायर्ड’. ‘डिस्पाइट इट रेन्ड’ चूक. ‘ऑफ’ही नको, तो ‘इन स्पाइट’चा जोडीदार.

‘हाउएव्हर’ आपल्या ‘मात्र’सारखा. आधीचं वाक्य पूर्णविरामाने संपवा, मग ‘हाउएव्हर’, स्वल्पविराम आणि नवं पूर्ण वाक्य: ‘इट रेन्ड. हाउएव्हर, वी वेंट.’