पाहुण्यांचा परिचय करून द्यायला उठायच्या आधीचं शेवटचं मिनिट : या चुका टाळा

स्टेजवर अर्धा तास बोलणाऱ्याला एक सोय असते, सुरुवातीची दोन-तीन मिनिटं धडधडीत गेली तरी नंतर आवाज स्थिरावतो, हात थरथरायचे थांबतात आणि मग बाकीचं भाषण बरं होतं. परिचय करून देणाऱ्याला ही सोयच नाही. आपलं सगळं काम दीड-दोन मिनिटांचं, म्हणजे धडधड कमी व्हायच्या आत आपण खाली येऊन बसलेले असतो. त्यामुळे शेवटच्या मिनिटात "आधी शांत होऊ मग बोलू" हा प्लॅनच चुकीचा आहे. धडधडत्या छातीने दोन वाक्यं नीट बोलता आली पाहिजेत, पहिलं आणि शेवटचं, आणि ते मिनिट त्यासाठीच वापरायचं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे त्या मिनिटात पूर्ण मजकूर मनात पुन्हा म्हणून बघणं. होतं काय, तिसऱ्या-चौथ्या वाक्याला एखादा शब्द अडतो, घरी दहा वेळा बरोबर आलेला असतो तरी अडतो, कारण एकीकडे कान सूत्रसंचालकाकडे लागलेले असतात आणि एकीकडे आपण मनात वाक्यं शोधत असतो. मग वाटतं अरे सगळंच विसरलो, पुन्हा पहिल्यापासून सुरू, आणि तेवढ्यात नाव पुकारलं जातं. म्हणजे उठताना डोक्यात अर्धवट तुटलेलं मधलं वाक्य असतं आणि बोलायचं असतं पहिलं. मधलं अजिबात म्हणू नका, ते कागदावर आहे, तिथेच राहू दे.

त्याऐवजी पाहुण्यांचं नाव म्हणा, पण मनात नाही, ओठ आणि जीभ हलवून, अगदी पुटपुटल्यासारखं, तीन वेळा. मनात म्हटलेलं नाव नेहमी बरोबरच येतं, चुकते ती जीभ, खास करून आडनावात जोडाक्षर असेल किंवा नावाआधी लांबलचक पद असेल तर. परिचयात बाकी काहीही चुकलं तरी चालून जातं हो, नाव चुकलेलं मात्र पाहुण्यांनाही लागतं आणि सगळ्यांच्या लक्षातही राहतं. उच्चाराबद्दल जरा जरी शंका असेल तर ती आधीच, पाहुणे भेटतील तेव्हा सरळ त्यांनाच विचारून मिटवायची, शेवटच्या मिनिटात शेजारच्याला विचारलंत तर तो तिसराच उच्चार सांगेल आणि गोंधळ वाढेल.

दुसरी चूक श्वासाची, आणि ही फार कमी लोकांना माहीत असते. "मोठा श्वास घे" असं सगळेच सांगतात, म्हणून माणूस छाती फुगवून भराभर मोठे श्वास घेत सुटतो. त्याने उलटं होतं. पटापट खोल श्वासांनी रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो आणि मग डोकं हलकं वाटतं, बोटांच्या टोकांना, ओठांभोवती मुंग्या येतात. ते जाणवलं की माणूस अजून घाबरतो आणि अजून जोरात श्वास घेतो. तर मुंग्या आल्या की समजायचं श्वास कमी पडत नाहीये, जास्त होतोय. महत्त्व सोडण्याला आहे : नाकाने चार मोजेपर्यंत साधाच श्वास घ्या, मग ओठ थोडे मिटून सहा मोजेपर्यंत हळू सोडा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके आपोआप थोडे मंदावतात म्हणून सोडणं लांब ठेवायचं. असे तीन झाले की अर्धं मिनिट गेलं, तेवढे पुरेत. धडधड पूर्ण थांबणार नाही, थांबायची वाटही बघू नका, फक्त आवाजाला पुरेल एवढी हवा हातात येते.

याच्याच जोडीची चूक म्हणजे स्वतःला दटावणं, "शांत हो, शांत हो". अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स या हार्वर्डमधल्या संशोधक, त्यांनी 2014 साली प्रयोग छापले होते, त्यात "मी शांत आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा "मी उत्सुक आहे" म्हणणाऱ्यांची भाषणं सरस ठरली. मला हे पटतं, कारण भीती आणि उत्साह दोन्हीत अंग सारखंच वागतं, ठोके वाढलेलेच असतात, त्यामुळे त्याला उत्साह म्हणणं सोपं जातं आणि शांत म्हणणं उघड खोटं वाटतं. परिचयात तर हे अजून सोपं आहे, आपण कुणाला तरी लोकांपुढे आणतोय, तर "यांना ऐकायला मला मजा येणार आहे" एवढं मनात आणलं तरी लक्ष स्वतःवरून पाहुण्यांकडे जातं.

पाण्याचं थोडक्यात सांगते. तोंड कोरडं पडतं ते तहानेने नाही, घाबरल्यावर लाळच कमी सुटते, म्हणून ग्लासभर पाणी गटागटा प्यायलं तरी दोन मिनिटांत तोंड पुन्हा कोरडं, वर ठसका लागायची भीती. दोन छोटे घोट घ्या, जीभ दातांच्या आतल्या बाजूने एकदा फिरवा, बस.

हातांचं मात्र बघून ठेवण्यासारखं आहे. पातळ कागद धरला की हाताची बारीकशी थरथर कागदाच्या टोकाला मोठी होऊन दिसते, माइकजवळ फडफड ऐकू पण येते, आणि ते स्वतःला दिसलं की आवाजही कापायला लागतो. जाड कार्ड घ्या, तळहाताएवढं, आणि बसल्या बसल्या मुठी पाच सेकंद घट्ट आवळून सोडा, दोनदा. कार्डावर पूर्ण मजकूर लिहू नका, डोळ्यांना ओळ सापडत नाही.

एक कार्ड करूनच बघू. समजा पाहुण्या भूजलावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञ आहेत. वर पहिलं वाक्य पूर्ण : "आज ज्या बोलणार आहेत, त्या वीस वर्षं विहिरींचं पाणी मोजतायत." खाली फक्त तीन तुकडे : कामाचं ठिकाण, एक मोठं काम, आजचा विषय. सगळ्यात खाली मोठ्या अक्षरात शेवटचं वाक्य पूर्ण, नावासकट. आता मध्येच डोकं कोरं झालं तर काय करायचं हे पण ठरलेलं पाहिजे : थेट शेवटच्या वाक्यावर उडी. "सॉरी, विसरले" म्हणायचं नाही, कार्डावर काय होतं ते ऐकणाऱ्यांना माहीतच नसतं, त्यांना वाटतं परिचय छोटाच होता आणि छोटा परिचय कुणालाच खटकत नाही.

शेवटची चूक घाईची. नाव पुकारलं की लोक ताडकन उठतात, चालता चालताच बोलायला लागतात आणि पहिलं वाक्य माइकच्या बाहेर जातं. पहिलं वाक्य गेलं म्हणजे परिचयाचा अर्धा जीव गेला. म्हणून आपल्या आधीची नावं पुकारली जात असतानाच दोन्ही पाय जमिनीवर टेकवून, थोडं पुढे सरकून बसा, उठा सावकाश, चालताना काहीच आठवायचं नाही. माइकपाशी पोचल्यावर कार्ड ठेवा किंवा धरा, तोंड माइकपासून साधारण वीतभर, एक श्वास पूर्ण सोडा, मागच्या ओळीत एखादा चेहरा बघा आणि मगच तोंड उघडा. हे सगळं तीन-चार सेकंदांचं आहे, तुम्हाला ते खूप लांब वाटेल, समोरच्यांना तुम्ही नुसते येऊन उभे राहिलात एवढंच दिसतं. आणि शेवटी नाव घेताना पाहुण्यांकडे वळू नका, तोंड वळलं की नाव माइकमधून निसटतं, आधी समोर बघून नाव पूर्ण घ्या, मग त्यांच्याकडे बघा.