‘मला काही सांगू नकोस’ हा नियम ठेवू नका: खुल्या नात्यात होणाऱ्या चुका

खुलं नातं म्हणजे एकमेकांच्या संमतीनं दुसऱ्या कुणाशी संबंध ठेवायची मुभा असलेलं नातं. माझ्याकडे त्याबद्दल बोलायला येणारी बहुतेक जोडपी एक कागद घेऊन येतात. कुणाच्या फोनमध्ये असतो, कुणाच्या डायरीत. त्यावर चार-पाच नियम, आणि त्यात हमखास एक: तुला करायचं ते कर, फक्त मला काही सांगू नकोस. मी स्वतः नऊ वर्षं अशा नात्यात आहे आणि आमच्याही पहिल्या कागदावर हेच होतं. पुण्या-मुंबईत हा नियम वर्षभर निभत असेल, आपल्याकडे मराठवाड्यात चार महिनेसुद्धा टिकत नाही.

एक जोडपं सांगते. ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदललेत. तो वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटीला, शिफ्टची नोकरी. ती संभाजीनगरातच कोचिंग क्लासला बायोलॉजी शिकवते. लग्नाला आठ वर्षं झालेली. मुभा दोघांनाही होती, वापरली फक्त त्यानं. जालन्यातली एक मैत्रीण, वय छत्तीस, घटस्फोटित. महिन्यातले दोन शनिवार तो जालन्याला जायचा. नियम तीन होते: सांगायचं नाही, प्रेमात पडायचं नाही, आपल्या घरात आणायचं नाही.

चौथ्या महिन्यात तिच्या चुलतभावाचा फोन आला. ‘‘ताई, दाजी मोतीबागेपाशी दिसले गं. हाक मारली तर लक्षच नव्हतं त्यांचं.’’ जालना साठेक किलोमीटरवर. तिथं तिचा चुलतभाऊ, त्याची मामेबहीण, कुणाकुणाचे साडू. ती ‘‘कंपनीचं काम होतं’’ म्हणाली आणि फोन ठेवला. मग तासभर स्वयंपाकघरात नुसती बसून होती.

मला ती म्हणाली, ‘‘त्या बाईचं मला काही वाटलं नाही. पण मला काहीच माहीत नसताना मी त्याच्यासाठी खोटं बोलले. तेही माझ्या माहेरच्या माणसाशी.’’

ही चूक नीट समजून घ्या. ‘सांगू नकोस’ म्हणणाऱ्याला वाटतं, माहीत नसलं की दुखणार नाही. पण आपल्याकडे बातमी येतेच, फक्त ती तिसऱ्याच्या तोंडून येते आणि तुमची तयारी नसताना येते. शिवाय या नियमात खरी परवानगी आणि साधी फसवणूक बाहेरून सारखीच दिसतात. नवरा उशिरा आला तर तो ठरल्याप्रमाणे उशिरा आला की ठरलेलं मोडून, हे बायकोला तपासताच येत नाही. मग ती फोन बघते, पेट्रोलच्या पावत्या बघते. असं चोरून तपासणं सुरू झालं की नियम मोडकळीला आला असं समजावं, मग कुणी कुणाला फसवलेलं असो वा नसो.

त्या दोघांनी नियम काढून टाकला नाही, त्याचे तुकडे केले. आधी न विचारता सांगायचं काय, तर कुठल्या गावाला जातोय, कधी परतणार, आणि अडीअडचणीला फोन लागेल ना. विचारलं तरच सांगायचं काय, तर माणूस कोण आणि प्रकरण किती खोल. विचारलं तरी सांगायचं नाही काय, तर जालन्यावाल्या बाईनं विश्वासानं सांगितलेलं तिचं घरचं आणि तिच्या शरीराबद्दलचं काहीही. ते गुपित त्याचं एकट्याचं नाही, म्हणून बायकोपुढे उघडं करायचा हक्कही त्याला नाही. आणि चौथा तुकडा मराठवाड्याचा खास: नातेवाइकांनी विचारलं तर उत्तर काय द्यायचं, हे दोघांनी मिळून आधीच ठरवायचं. त्यांचं ठरलं, ‘‘मित्राकडे गेलेत.’’ तो मित्र तसा खराच होता. भाऊ पुन्हा बोलला तेव्हा तिचा आवाज अडखळला नाही.

दुसरा नियम, प्रेमात पडायचं नाही. हा ठेवूच नका. करार वागण्याचा होतो, मनाचा होत नाही. रात्री किती वाजेपर्यंत परतायचं हे ठरवता येतं, किती आवडायचं हे नाही. या नियमाचा उपयोग एवढाच होतो की ज्याला कुणी आवडायला लागलं तो ते लपवायला लागतो. भीती प्रेमाची नसून घर सोडून जाण्याची असेल, तर तसं सरळ लिहा: घरचा पैसा कुणावर किती खर्च करायचा, मुलांच्या शाळेचा दिवस कुणासाठी चुकवायचा नाही, सणाला कुठं असायचं. हे पाळलं की नाही ते दुसऱ्या दिवशी कळतं.

आता मत्सर. सांगायला सुरुवात केल्यावर दोन महिने बरे गेले. मग एका रविवारी त्याच्या बोलण्यातून निघालं की ती मैत्रीण कामाला संभाजीनगरात आली होती आणि तो तिला नान खलिया खायला घेऊन गेला. त्याच ठिकाणी, जिथं लग्नाआधी हे दोघं जायचे. कुठलाही नियम मोडलेला नव्हता. तरी हिला रात्रभर झोप नाही, आणि सकाळी चहाच्या आधी वाक्य: ‘‘बंद कर सगळं.’’

इथं दोन चुका होतात आणि दोन्ही सारख्याच मोठ्या. एक, नवरा म्हणतो, ‘‘आपलं ठरलं होतं ना, मग आता काय?’’ म्हणजे मत्सर हा बायकोचा दोष ठरला. दुसरी, लगेच नवा नियम येतो: आपल्या जागी तिला न्यायचं नाही. खलियाची बंदी झाली की पुढच्या महिन्यात कुठल्या तरी गाण्याची, मग दौलताबादच्या रस्त्याची. बंदी घातल्यावर फक्त पुढची गोष्ट कळेपर्यंतच बरं वाटत असेल, तर बंदी चुकीच्या जागी घातलीय.

मराठीत हेवा आणि मत्सर असे दोन वेगळे शब्द आहेत. आपण ते एकत्र वापरतो, पण इथं वेगळे करावेत. हेवा म्हणजे तिला मिळालं ते मलाही हवं. मत्सर म्हणजे माझं आहे ते जाईल की काय. औषध वेगळं आहे. मी तिला एवढंच म्हटलं, की ‘मला वाईट वाटलं कारण’ असं लिहून पुढे जे येईल ते लिहीत जा, थांबू नको. पहिल्या दोन ओळी खलियाबद्दल होत्या, तिसरी त्या बाईबद्दल. सातवी अशी: तो मला सहा महिन्यांत कुठंच घेऊन गेला नाही.

मग आम्ही महिना मांडला. चार शनिवार, त्यातले दोन जालन्याचे. उरलेल्या दोनपैकी एक सेकंड शिफ्टमध्ये जायचा. रविवारी तो झोप काढायचा, मग किराणा, मग सासूबाईंना दवाखान्यात दाखवणं. बायकोच्या वाट्याला त्याची उरलेली, थकलेली वेळ येत होती आणि मैत्रिणीला आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घातलेला नवरा. हा हेवा होता आणि रास्त होता. उपाय म्हणून जालन्याचा एक शनिवार कमी केला आणि तो बायकोला दिला, फोन घरी ठेवून. खलियावर बंदी आलीच नाही. महिन्याभरानं तिनंच विचारलं, ‘‘आवडलं का तिला?’’

एक मात्र आहे. पोटात गोळा येतोय आणि कारण सापडत नाही असं वाटत असेल, तर आधी बघा खोटं बोललं जातंय का. ठरलेलं मोडलं गेलं म्हणून होणारा त्रास वह्या भरून जात नाही, आणि जाऊही नये.

हे सगळं बोलायची वेळही ठरवा. भांडणाच्या रात्री करार बदलायचा नाही, दोन दिवस जाऊ द्यायचे. रात्री अकरा वाजता, एकाला सकाळची फर्स्ट शिफ्ट असताना, झालेला कुठलाही ठराव मी आजवर टिकलेला पाहिला नाही.

तिसऱ्या माणसाला कागदावर जागाच नसणं, ही पुढची चूक. ‘‘बायकोला माहीत आहे’’ हे वाक्य लग्न झालेले पुरुष किती सहज टाकतात हे जालन्यावालीला माहीत होतं. तिनं एकच मागितलं: बायकोशी दोन मिनिटांचा फोन. त्यानं लावून दिला. ‘‘ताई, तुम्हाला माहीत आहे ना?’’ ‘‘हो, माहीत आहे. फक्त रात्री अकरानंतर फोन करत जाऊ नका.’’ झालं. जो माणूस हा फोन टाळतो, त्याचं नातं खुलं नाही. आणि ‘मी म्हणेन तेव्हा तू तिला सोडायचं’ ही अट बायकोनं ठेवू नये. थांब म्हणता येतं, दोन आठवडे भेटू नको म्हणता येतं. पण कागदावर सही नसलेल्या माणसाला एका मेसेजनं काढून टाकणं म्हणजे जुन्या वाड्यातल्या ठेवलेल्या बाईशी वागायचे तसंच झालं.

बायको कमावत नसेल, माहेरचं दार बंद असेल आणि ती ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणत असेल, तर ती संमती नाही. नवऱ्याचं प्रकरण उघडकीला आल्यावर घाईनं ‘मग खुलं करू’ म्हणणाऱ्यांनाही मी परत पाठवते.

तपासणीचं थोडक्यात. एचआयव्हीची तपासणी सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसी या समुपदेशन-तपासणी केंद्रात मोफत होते, संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयातही. पण आजचा रिपोर्ट आजचं सांगत नाही. शेवटच्या संबंधानंतर काही आठवडे तो निगेटिव्हच येऊ शकतो, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा करायचा आणि तोवर निरोध. निरोध न वापरता संबंध झाला तर ते घरी परतल्यावर, पुढच्या जवळिकीच्या आधी सांगायचं. ‘विचारलं तर’ हा तुकडा इथं लागू नाही.

कायद्याचंही लोक अर्धवट ऐकतात. सर्वोच्च न्यायालयानं 27 सप्टेंबर 2018 ला भारतीय दंड संहितेचं कलम 497 रद्द केलं, त्यामुळे व्यभिचार हा गुन्हा उरला नाही. घटस्फोटाचं कारण मात्र तो आजही आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 23 नुसार ज्यानं स्वतः मूकसंमती दिली त्याला ते कारण वापरता येत नाही, पण संमती होती की नाही हा वाद कोर्टातच व्हायचा, आणि तुमचे मेसेज तिथं वाचले जायचे. तो कागद कायदेशीर करार नव्हे, म्हणून स्टॅम्प पेपरवर करायला धावू नका. हिंदू विवाह कायद्याखाली दुसरं लग्न तर गुन्हाच आहे, पहिली बायको हो म्हणाली तरी.

त्या जोडप्याचं पुढं काय झालं असं विचाराल. दीड वर्षानं जालन्यावालीला स्थळ आलं. तिला लग्न करायचं होतं, तिनं थांबवलं. बायकोच्या तोंडून पहिल्यांदा ‘‘बरं झालं’’ निघालं. मग तो तीन आठवडे गप्प. कंपनीत कुणाला सांगता येत नाही, आईला नाही, मित्राला नाही. याबद्दल कागदावर एक ओळही नव्हती. एका रात्री तो गच्चीवर रडत होता, ती दोन कप चहा घेऊन वर गेली आणि म्हणाली, ‘‘कशी होती ती, सांग.’’