तळ्याकाठची तोफ: व्हिडिओत घातलेली वस्तू घसरू नये म्हणून

सोलापूरच्या सिद्धेश्वर तळ्याच्या काठावरच्या फरशीवर एक तोफ ठेवायची होती, मागे भुईकोट किल्ल्याचे बुरूज. तोफ ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये बनवलेली, बाकी सगळं खरं. ती जागेवर बसणार की नाही, हे बरंचसं चित्रीकरणातच ठरतं.

मोबाइलचं स्टॅबिलायझेशन बंद करा. ते प्रत्येक फ्रेम थोडी सरकवतं, वाकवतं, आणि मग कॅमेरा नेमका कसा हलला हे गणिताला उलगडत नाही. झूम नको, फोकस लॉक करा. एका जागी उभं राहून फोन नुसता फिरवू नका. चार पावलं आडवं चाला. जवळची फरशी झरझर सरकते, लांबचा बुरूज हळू. या फरकावरूनच खोली कळते.

सहा सेकंदांच्या क्लिपच्या फ्रेम वेगळ्या काढा:

```
ffmpeg -i tof.mp4 -vf fps=30 f_%04d.png
```

या 180 फ्रेम ब्लेंडरच्या मूव्ही क्लिप एडिटरमध्ये उघडा आणि ट्रॅकिंगचे, म्हणजे फ्रेममागून फ्रेम माग काढायचे, बिंदू निवडा. गणित ज्यांच्यापासून सुरू होतं त्या Keyframe A आणि B या दोन्ही फ्रेममध्ये दिसणारे किमान आठ बिंदू लागतात. मी वीसेक घेतो, जवळचे, मधले, लांबचे. फरशीचे तुटके कोपरे आणि बुरुजाच्या दगडांचे सांधे उत्तम. पाण्यावरची चमक मात्र कधीच घेऊ नका, कारण कॅमेऱ्याबरोबर तीही जागा बदलते.

कॅमेऱ्याची हालचाल काढणारं Solve Camera Motion दाबल्यावर माझी Solve error, म्हणजे बिंदूंची गणिताने काढलेली जागा आणि चित्रातली जागा यांतली सरासरी चूक, आली 2.4 पिक्सेल. ती एकाच्या खाली हवी. प्रत्येक बिंदूची चूक पाहिली तेव्हा एकाच बिंदूची सर्वांत जास्त निघाली. जवळच्या झाडाची फांदी आणि लांबच्या तटाची कड चित्रात एकमेकींना छेदत होत्या, आणि मी तो छेद ‘कोपरा’ समजून घेतला होता. तिथे प्रत्यक्षात काहीच नाही. चालताना तो छेद तटावरून सरकत जातो. तो बिंदू काढल्यावर चूक 0.4 वर आली.

तरीही तोफ घसरत होती! आकडा चांगला असला तरी जमीन चुकू शकते. जमीन ठरवणाऱ्या Floor साठी निवडलेल्या तीन बिंदूंपैकी एक फरशीवर नव्हता, तिच्यावर पडलेल्या दगडाच्या माथ्यावर होता. त्यामुळे जमीन तिरपी झाली आणि तोफेची चाकं हवेत राहिली. फरशीवरचेच तीन बिंदू घेतले आणि, टेपने आधीच मोजून ठेवलेलं दोन कोपऱ्यांमधलं एक मीटर अंतर Set Scale मध्ये दिलं.

तपासायचं असेल तर तोफेआधी फरशीच्या एखाद्या भेगेवर छोटा शंकू ठेवा. चित्र झूम करून त्याचं बूड फ्रेमगणिक बघा. भेग सुटली नाही, तर चाकंही सुटणार नाहीत.