कुरआनातील निर्जीव अनेकवचने : विशेषण आणि क्रियापद जुळवताना या चुका टाळा

अरबी व्याकरणाच्या पहिल्या काही धड्यांतच एक नियम पाठ होतो. माणसांखेरीज इतर कशाचेही अनेकवचन असले, तर त्याचे विशेषण, क्रियापद आणि सर्वनाम स्त्रीलिंगी एकवचनी येते. सूरह ८८ मधील स्वर्गाचे वर्णन हा त्याचा स्वच्छ नमुना आहे : 'सुरुरुन मरफूअह' म्हणजे उंच केलेली आसने आणि 'अकवाबुन मौदूअह' म्हणजे मांडून ठेवलेले प्याले. 'सुरुर'चे एकवचन 'सरीर' पुल्लिंगी आहे, 'अकवाब'चे 'कूब'ही पुल्लिंगीच, तरी विशेषण मात्र स्त्रीलिंगी एकवचनात आले आहे. नियम खरा आहे. अडचण येते ती हा एकच नियम हातात धरून आयती वाचायला बसल्यावर.

सगळ्यात जास्त घडणारी चूक म्हणजे मूळ एकवचनाचे लिंग शोधत बसणे. मराठीत आपण 'मोठे डोंगर', 'मोठ्या नद्या', 'मोठी घरे' असे म्हणतो, म्हणजे अनेकवचनातही मूळ लिंग टिकते. त्याच सवयीने विद्यार्थी 'यौम' (दिवस) पुल्लिंगी म्हणून 'अय्याम'ला पुल्लिंगी विशेषण लावू पाहतो. अरबीत निर्जीव शब्द अनेकवचनात गेला की त्याच्या एकवचनाच्या लिंगाचा विशेषणाशी संबंध सहसा उरत नाही. दुसरी चूक भाषांतरातली. सूरह ८१ मध्ये 'व इजल जिबालु सुय्यिरत' असे आहे. त्यातील 'सुय्यिरत' स्त्रीलिंगी एकवचनी दिसते म्हणून कुणी 'ती चालवली गेली' असे लिहितो. इथे मराठीत 'पर्वत चालवले जातील' असेच हवे. 'हा' या अरबी सर्वनामाचेही तसेच. ते निर्जीव अनेकवचनाकडे जात असेल, तर मराठीत एकवचनी 'ती' नव्हे, 'ते, त्या, ती' यांपैकी योग्य अनेकवचनी रूप येते.

क्रियापद आधी की नाम आधी?

हे न पाहता अनेक जण आयतीत चूक शोधतात. सूरह ९ च्या पाचव्या आयतीत 'फइजन्सलखल अश्हुरुल हुरुमु' आहे : पवित्र महिने सरले की. 'इन्सलख' हे क्रियापद पुल्लिंगी आहे, 'इन्सलखत' नाही. मग नियम कुठे गेला? क्रियापद नामाच्या आधी असेल आणि ते नाम तुटक अनेकवचन (म्हणजे शब्दाची आतली घडण बदलून झालेले, जसे 'शहर'चे 'अश्हुर') असेल, तर क्रियापद पुल्लिंगी किंवा स्त्रीलिंगी, कोणतेही चालते. नाम आधी आणि क्रियापद नंतर आले की ही मोकळीक संपते. कारण तेव्हा क्रियापदात दडलेले सर्वनाम मागच्या नामाकडे बोट दाखवते. म्हणून 'अल जिबालु सुय्यिरत' म्हणताना स्त्रीलिंग सोडता येत नाही. सूरह ९ च्या त्या पाचव्या आयतीत 'अल हुरुम' हे विशेषण मात्र अनेकवचनी आहे, 'हराम'चे अनेकवचन. तेही चूक नाही. ते का चालते, ते पुढच्या उदाहरणातून कळेल.

संख्या मोजा

सूरह ९ ची ३६ वी आयत या विषयासाठी सर्वांत मोलाची. तीत महिन्यांची संख्या अल्लाहजवळ बारा असल्याचे म्हटले आहे, आणि पुढे 'मिन्हा अरबअतुन हुरुम' : त्यांपैकी चार पवित्र. लगेच 'फला तज़्लिमू फीहिन्न अन्फुसकुम' : त्यांत आपल्याच जिवांवर अन्याय करू नका. महिने तेच, आयत तीच, पण आधी 'हा' आणि नंतर 'हुन्न'. एक सर्वनाम स्त्रीलिंगी एकवचनी, दुसरे स्त्रीलिंगी अनेकवचनी.

इथे घाईत 'दोन्ही एकाच अर्थी, शैलीसाठी बदल' असे म्हणून पुढे जाऊ नये. कूफा परंपरेतील व्याकरणकार अल-फर्रा (निधन इ.स. ८२२) याने याचे कारण अरबांच्या बोलण्याच्या सवयीत शोधले. तीन ते दहा निर्जीव वस्तूंसाठी ते 'हुन्न' वापरतात आणि दहाच्या वर गेले की 'हा'. बारा महिन्यांसाठी म्हणून 'मिन्हा' आले, चार महिन्यांसाठी 'फीहिन्न'. हे मान्य केले तर अर्थही ठरतो : 'त्यांत' म्हणजे चार पवित्र महिन्यांत. 'फीहिन्न'चा रोख बाराही महिन्यांकडे मानणारे जुने भाष्यकार आहेत, म्हणून हे एकमेव उत्तर म्हणून मांडू नये. तरी व्याकरणाचा कल चार महिन्यांकडेच आहे, असे आमचे मत आहे.

ही सवय लक्षात ठेवली की इतरही जागा उलगडतात. सूरह २ च्या १९७ व्या आयतीत हजचे महिने 'अश्हुरुन मअलूमात' आहेत आणि पुढे 'फीहिन्न' येते. 'अश्हुर' हा अल्पसंख्येचा साचा, बारा महिन्यांसाठी आलेला 'शुहूर' हा मोठ्या संख्येचा. सूरह १२ मधील स्वप्नात सात धष्टपुष्ट गायी 'सिमान' आणि सात हडकुळ्या 'इजाफ' आहेत, तीही अनेकवचनी विशेषणेच. मात्र हा कल आहे, कायदा नव्हे. नरकाग्नी आम्हाला मोजके दिवसच शिवेल, हे एकच म्हणणे सूरह २ च्या ८० व्या आयतीत 'अय्यामन मअदूदह' असे आहे आणि सूरह ३ च्या २४ व्या आयतीत 'अय्यामन मअदूदात'. पाठ करणाऱ्यांची गल्लत नेमकी इथे होते. दोन्ही रूपे शुद्ध आहेत. एक दुसऱ्याच्या जागी म्हटले तर ती व्याकरणाची नव्हे, पाठाची चूक ठरते.

निर्जीव वस्तू माणसासारखी वागते तेव्हा

सूरह १२ च्या चौथ्या आयतीत यूसुफ अकरा तारे, सूर्य आणि चंद्र यांविषयी 'रऐतुहुम ली साजिदीन' म्हणतात. 'हुम' आणि 'साजिदीन' ही माणसांची रूपे आहेत. नियमाने 'रऐतुहा' अपेक्षित होते, पण सजदा ही विवेकी जीवाची कृती, म्हणून ताऱ्यांना माणसांचे व्याकरण मिळाले. सूरह २७ मध्ये मुंग्यांना 'उद्खुलू' (आत जा) असे पुल्लिंगी अनेकवचनात सांगितले जाते, तेही याच कारणाने. पण यावरून 'सजीव केले की नेहमी हुम' असा नवा नियम बनवू नका. दाऊदांबरोबर स्तुती करणारे पर्वत सूरह ३८ मध्ये 'युसब्बिह्न' (स्त्रीलिंगी अनेकवचन) आहेत आणि सूरह ३४ मध्ये त्यांना 'अव्विबी' अशी स्त्रीलिंगी एकवचनी आज्ञा आहे.

समूहवाचक नाम वेगळे ओळखा

'नख़्ल' (खजुरीची झाडे) हे अनेकवचन नव्हे, समूहवाचक नाम आहे, म्हणून त्याला दोन्ही लिंगे चालतात. सूरह ५४ च्या विसाव्या आयतीत 'अअजाज़ु नख़्लिन मुन्कइर' आणि सूरह ६९ च्या सातव्यात 'अअजाज़ु नख़्लिन ख़ावियह'. कोणी 'ख़ावियह'ला 'अअजाज़' (बुंधे) याचे विशेषण समजतो आणि मग मुन्कइरपाशी अडतो. उलगडा शेवटच्या स्वरात आहे. 'अअजाज़ु' कर्ता-विभक्तीत आहे, तर छापील प्रतीत 'ख़ावियतिन' आणि 'मुन्कइरिन' दोन्हींखाली ज़ेरची तन्वीन आहे. म्हणजे दोन्ही विशेषणे 'नख़्लिन'ची आहेत. पठणात थांबताना ही तन्वीन ऐकू येत नाही, म्हणून असा प्रश्न आला की आधी पान उघडून स्वरचिन्ह पाहावे.